लाकडी बैलाखालचे पासबुक

तान्हा पोळा हा लहान मुलांचा सण आहे, असा ज्यांचा समज आहे, त्यांनी त्या दिवशी आमच्या गावात येऊन मुलांकडे न पाहता त्यांच्या बापांकडे पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ-पैसे ठेवतात, एवढाच खरे तर हा सण आहे. परंतु बैलाला चार चाके असतात, आणि चाके आली की स्पर्धा येतेच. आमच्या चिरंजीवांचा बैल माझ्या वडिलांनी सुताराकडून सागवानात करवून घेतलेला असून त्याचे एक चाक लटपटते. माझ्या सहकारी शिक्षकांच्या मुलाच्या बैलाला गेल्या वर्षी डोळ्यांत लाल दिवे होते आणि पोटातून गाणे वाजत होते. या सहकाऱ्यांना मी येथे मोटारगुरुजी म्हणणार आहे. कारण पुढे येईलच.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मोटारगुरुजी आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच वेतनश्रेणीत आहोत, आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागल्यामुळे जुन्या पेन्शनची गाडी आम्हा दोघांचीही सारखीच चुकली. पगार सारखा असणे हीच आमच्यातली खरी अडचण आहे. सावकाराची माडी पाहून कोणाची झोप उडत नाही. झोप उडते ती आपल्याएवढाच पगार असलेल्या माणसाच्या दारात नवी मोटार उभी राहते तेव्हा. ती 2020 च्या दसऱ्याला उभी राहिली. बोनेटवरचा हार, चाकाखालचे लिंबू आणि किल्ली घेताना काढलेला सहकुटुंब फोटो आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अकरा मिनिटांत येऊन पोहोचला. सौभाग्यवतींनी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि काहीही न बोलता त्या तुरीची डाळ निवडायला बसल्या. त्या डाळीत खडे नव्हते, हे मला ठाऊक होते.

मोटारीसाठी मोटारगुरुजींनी पाच वर्षांच्या मुदतीने 9 टक्क्यांवर 8 लाखांचे कर्ज काढले होते. हप्ता 16,600 रुपयांच्या आसपास येत असे. असे साठ हप्ते मिळून जवळजवळ 10 लाख होतात, म्हणजे व्याजाचेच सुमारे दोन लाख. मीही त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एक हप्ता सुरू केला होता. फरक इतकाच की माझ्या हप्त्याला हार घालता येत नव्हता. दारव्ह्याच्या पोस्टात मी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, ज्याला सगळे पीपीएफ म्हणतात त्याचे, खाते उघडून महिन्याला 12,500 रुपये भरू लागलो. वर्षाचे दीड लाख होतात आणि त्याहून जास्त भरताच येत नाही. माझे नशीब असे की, मी खाते उघडले त्याच महिन्यापासून व्याजदर 7.9 वरून 7.1 टक्क्यांवर आला. ही बातमी मात्र ग्रुपवर कोणीच टाकली नाही.

या खात्याची एक मेख आहे. महिन्याच्या 5 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज धरतात. पैसे 6 तारखेला भरले, तर त्या हप्त्याचे त्या महिन्याचे व्याज बुडाले. 12,500 रुपयांवर ते 74 रुपये होते. आमचा पगार तर 5 तारखेची मर्यादा फारशी पाळत नाही. पहिले तीन महिने मी दर वेळी 74 रुपये गमावून हळहळत परतलो. चौथ्या महिन्यात एक हप्ता बाजूला साठवला आणि तेव्हापासून या महिन्याचा हप्ता मागच्या महिन्याच्या पगारातून भरतो. दर महिन्याच्या 3 किंवा 4 तारखेला मी दुचाकीवरून दारव्ह्याला का जातो, याबद्दल गावात दोन मते होती. पहिले मत दाताच्या दुखण्याचे होते. दुसरे मत सौभाग्यवतींच्या कानापर्यंत पोहोचले नाही, हे बरे झाले.

खेड्यात कर्ज लपवावे लागत नाही, ते दारातच उभे असते. लपवावी लागते ती शिल्लक. माणसाजवळ चार पैसे आहेत असे कळले की, फवारणीपासून साखरपुड्यापर्यंतची सगळी हातउसनी त्याच्या ओट्यावर येऊन बसतात. खाते पंधरा वर्षांचे असल्याने मला एक वाक्य सापडले होते, ‘‘पैसे अडकले आहेत हो.’’ हे वाक्य उसने मागणाऱ्यांवर चालले, फर्निचरच्या दुकानदारावर चालले आणि मोठा टीव्ही पाहून माझे स्वतःचे मन चळले तेव्हा माझ्यावरही चालले. 2023 च्या दिवाळीत मात्र पतसंस्थेतले एक लिपिक म्हणाले, ‘‘सर, तिसऱ्या वर्षापासून त्याच्यावर कर्ज भेटते ना.’’ भेटते खरे. परंतु आधीच्याच्याही आधीच्या वर्षअखेरीस जी शिल्लक असेल तिच्या फक्त चौथ्या हिश्शाइतके. माझ्या बाबतीत ते 80 हजारांच्या आसपास निघत होते. लिपिकांना दोन लाख हवे होते, त्यामुळे माझी अब्रू वाचली.

31 मार्च 2025 रोजी, म्हणजे व्याज ज्या एकाच दिवशी जमा होते त्या दिवशी, माझे साडेसात लाख 8 लाख 97 हजारांच्या घरात पोहोचले होते. पासबुकात नोंद छापून घेतली तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी ते मिटून माझ्या हाती दिले. हार नाही, लिंबू नाही. मी बाहेर येऊन एक चहा घेतला, आणि त्याचे पैसे देताना तो दहाचा झाल्याचे वाईट वाटले.

आणि मग त्याच वर्षीचा तान्हा पोळा आला. चिरंजीवांनी आजोबांच्या बैलाला झूल घातली, बेगड लावली आणि खिडकीतल्या उजेडात त्याचा फोटो काढून आईच्या मोबाइलवरून स्टेटसला टाकला. फोटो सुंदर होता. बैल अजिबात लटपटत नव्हता, कारण लटपटत्या चाकाखाली आधार म्हणून कपाटातले एक पुस्तक उघडून सरकवलेले होते. ते पासबुक होते. शेवटची ओळ बैलाच्या खुराशेजारी इतकी स्वच्छ दिसत होती की, माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने ती न अडखळता वाचली असती. माझ्या लक्षात येईपर्यंत तो 143 जणांनी पाहिला होता. सौभाग्यवती मात्र त्या दिवशी उगाचच चार घरी हळदीकुंकवाला जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तिघे बसले होते आणि सर्वांत पुढे मोटारगुरुजी होते. त्यांचे शेवटचे काही हप्ते उरले होते. ते संपले की जुनी मोटार देऊन सात जणांची नवी घ्यायची आणि त्यासाठी सुरुवातीची रक्कम हवी, असा बेत होता.

‘‘पैसे अडकले आहेत हो,’’ मी म्हणालो.

‘‘मले माहीत हाय ना, सर,’’ ते समजूतदारपणे म्हणाले. ‘‘पर खातं उघडलं ते वर्ष सोडून पाच वर्षं झाली का अर्धे निघतात. येत्या एप्रिलात तुमची झाली.’’

अर्धे म्हणजे आजच्या शिल्लकेचे अर्धे नव्हेत, चार वर्षांपूर्वीची वर्षअखेरची शिल्लक आणि गेल्या वर्षअखेरची शिल्लक यांतली जी कमी असेल तिचे अर्धे, असे मी त्यांना नियमासह समजावून सांगितले. म्हणजे नऊ लाखांचे अर्धे नव्हे, पाच लाखांचे अर्धे. त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर अडीच लाखांचा आकडा आधीच लिहिलेला होता.

‘‘बरोबर तेवढेच पाहिजेत,’’ ते म्हणाले. ‘‘एप्रिललोक थांबतो मी. घाई नाई.’’