वॉर्डबॉय, आया आणि तिरक्या रेघा

«सांगलीजवळ आमचं तीस खाटांचं खासगी रुग्णालय आहे. भरतीची जाहिरात आजवर 'सिस्टर पाहिजेत, वॉर्डबॉय पाहिजेत' अशीच निघायची. नव्या विश्वस्त बाईंनी ती स्त्री-पुरुष भेद न करता लिहायला सांगितली. लिहिली, पण वाचवत नाही. तुमच्याकडे जर्मनीत हे रोजचंच. तिथे कसं करतात?»

सोबत आलेल्या मसुद्यातलं हे एक वाक्य बघा: 'उमेदवार जी.एन.एम. झालेला/झालेली असावा/असावी व त्याने/तिने रात्रपाळीस तयार असलेला/असलेली असावा/असावी.' पाच तिरक्या रेघा, आणि रेघा सांभाळता सांभाळता वाक्यच निसटलंय. 'त्याने तयार असलेला असावा' हे कुठलं मराठी? साध्या वाक्यात ही चूक लिहिणाऱ्याला लगेच दिसली असती. रेघांच्या गर्दीत ती तीन जणांच्या नजरेतून सुटली.

जर्मनीचं आधी सांगतो, कारण तिथलं सगळंच उचलण्यासारखं नाही. २००६ पासून तिथे समान वागणुकीचा कायदा आहे. जाहिरातीच्या शब्दांतून भेदभाव दिसला तर डावललेला माणूस भरपाई मागू शकतो. ती नोकरी त्याला एरवीही मिळाली नसती, तरी तीन महिन्यांच्या पगारापर्यंत. २०१८ च्या अखेरीस जन्मनोंदणीत तिसरा पर्याय आला आणि प्रत्येक पदनामामागे (m/w/d) हे शेपूट लागलं. पुरुष, स्त्री, इतर. वाद पेटला तो मात्र एकाच शब्दात सगळी लिंगं मावावीत म्हणून शब्दाच्या पोटात घालायच्या तारकेवरून. जर्मन शुद्धलेखन परिषदेने तिला नियमांत जागा दिलेली नाही आणि बायर्न राज्याने २०२४ मध्ये ती सरकारी कामकाजातून व शाळांतून हद्दपार केली. आपल्याकडचे लोक ही भांडणं वाचतात आणि म्हणतात, बघा, परदेशी खूळ. जर्मन जाहिरात लिहिणारा माणूस मात्र तारकेच्या वाटेला फारसा जातच नाही.

स्टुटगार्टच्या एका रुग्णालयात भरतीचं काम बघणाऱ्या एका मराठी ताईंना हा मसुदा दाखवला. त्यांनी आधी पदनामांवर बोट ठेवलं. जर्मनीत नर्सला पिढ्यान्‌पिढ्या क्रांकेनश्वेस्टर म्हणत, शब्दशः 'आजाऱ्यांची बहीण'. आपली सिस्टरच. २००४ पासून लागू झालेल्या कायद्याने ते नाव अधिकृत पदव्यांतून गेलं. आता जाहिरातींत सर्रास फ्लेगेफाखक्राफ्ट दिसतं. त्यातला 'क्राफ्ट' म्हणजे बळ, आपल्या मनुष्यबळातलं बळ. गंमत अशी की हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे आणि पुरुष नर्सना त्याचं काही वाटत नाही. ताई म्हणाल्या, "व्याकरणाचं लिंग कुणाला खुपत नाही. बहीण म्हटलेलं खुपतं."

हे मराठीला तंतोतंत लागू पडतं. 'व्यक्ती' स्त्रीलिंगी, 'उमेदवार' पुल्लिंगी, दोन्ही सगळ्यांना चालतात. फक्त 'तो व्यक्ती' लिहू नका. भेदभाव टाळल्याच्या भरात हल्ली ते फार दिसतं.

आता वाक्यं. मराठीला इथे जर्मनपेक्षा सोपं जातं, आणि हे आपल्याच लोकांच्या लक्षात येत नाही याचं मला नवल वाटतं. आपल्या क्रियापदाला लिंग चिकटतं हे खरं. असावा-असावी, राहतो-राहते, आला-आली. पण ते सगळीकडे चिकटत नाही. 'येईल', 'करेल' हा भविष्यकाळ दोघांना एकच. 'उमेदवाराने अर्ज करावा' यात 'करावा' हा अर्जाकडे बघतो, उमेदवाराकडे नाही. 'उमेदवारांनी हजर राहावे' हा शाळेतला भावे प्रयोग तर कुणाकडेच बघत नाही. आणि नामाला विभक्ती लागली की त्याच्या विशेषणातला भेदही मिटतो: 'अनुभव असलेला' आणि 'अनुभव असलेली' वेगळे, पण 'अनुभव असलेल्या उमेदवारास' दोघांना सारखंच. म्हणजे काम एवढंच उरतं, की 'उमेदवार' हा शब्द उघडा, विनाप्रत्यय कर्ता म्हणून 'असावा'समोर उभा करायचा नाही. त्याला ने, नी, स, ना यांपैकी काहीतरी लावायचं, नाहीतर त्याला बाजूला ठेवून पात्रतेलाच कर्ता करायचं.

मुंबईत मुद्रितशोधनात आयुष्य गेलेले एक काका आहेत. त्यांचा उपाय सुटसुटीत होता: "सगळं अनेकवचनात टाका, प्रश्न मिटला." अर्धा मिटतो. 'त्याला-तिला'चं 'त्यांना' होतं, 'ज्याने-जिने'चं 'ज्यांनी' होतं, हे बरोबर. पण 'उमेदवार पदवीधर असावेत' यातला 'असावेत' पुन्हा पुल्लिंगीच, स्त्रियांना 'असाव्यात' लागतं. अनेकवचन कामाला येतं ते प्रत्ययासोबत. काकांना हे पटलं नाही. मिश्र समूहाला पुल्लिंगी अनेकवचन ही मराठीची जुनी रीत आहे, असं ते म्हणतात, आणि ती आहेच. फक्त 'सिस्टर पाहिजेत'खाली तेच 'असावेत' कुणी लिहिलं नसतं, एवढं माझं म्हणणं.

सांगलीच्या जुन्या जाहिरातीत नर्सचा भाग असा होता: 'सिस्टर – ४. उमेदवार जी.एन.एम. झालेली असावी. आयसीयूचा अनुभव असलेलीस प्राधान्य. रात्रपाळीची तयारी असलेली.' तो असा करता येईल:

'स्टाफ नर्स – ४ जागा. पात्रता: जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी. आयसीयूत काम केलेल्या उमेदवारांना प्राधान्य. महिन्यातून आठ रात्रपाळ्या कराव्या लागतील.'

एकही रेघ नाही. 'परिचर्या कर्मचारी' हा शब्द मुद्दाम घेतला नाही. परिषदेच्या नावात तो शोभतो, पण 'परिचर्या कर्मचारी पाहिजेत' वाचून मिरज-सांगलीच्या कॉलेजातून बाहेर पडलेलं कुणी थांबणार नाही. नर्स म्हटलं की डोळ्यांपुढे बाई येते हे खरं. म्हणून जाहिरातीच्या माथ्यावर एकदाच लिहावं: 'सर्व पदे स्त्री, पुरुष व तृतीयपंथी उमेदवारांसाठी खुली.' हे शोभेचं वाक्य नाही. तृतीयपंथी व्यक्तींना भरतीत डावलायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. मसुद्यात आणखी एके ठिकाणी 'झालेला/झालेली/झालेले' अशी तिहेरी उतरंड होती, ती मात्र काढाच. मराठीतलं नपुंसकलिंग माणसाला लावलं तर मान राहत नाही.

आठ रात्रपाळ्यांचा आकडा मी अंदाजाने घातलाय, तुमचा खरा घाला. पण तो हवा. 'तयारी असलेली' काढलं की त्या जागी काहीतरी नेमकं लिहावंच लागतं. ते नाही लिहिलं तर या पद्धतीचा दोष उघडा पडतो: प्रत्येक ओळ 'असणे आवश्यक'वर संपते आणि जाहिरात निविदेच्या अटींसारखी वाचते. तीन ओळींत दोनदा 'आवश्यक' आलं की एक ओळ 'लागेल', 'प्राधान्य' किंवा नुसत्या 'पात्रता:'ने फोडा. जर्मन जाहिरात 'तुमचं काम', 'तुमची पात्रता' असे मथळे घालून थेट वाचणाऱ्याशी बोलते. तेही मराठीत छान बसतं: 'तुम्ही याआधी कुठे काम केलंय ते अर्जात लिहा.'

रिसेप्शनिस्टच्या ओळीत 'देखणी, इंग्रजी बोलणारी' होतं. 'बोलणारी'चं 'इंग्रजी व हिंदी बोलता येणे आवश्यक' झालं. 'देखणी'चं काही होत नाही, ते खोडायचं. वॉर्डबॉयसाठीचं 'धडधाकट' मात्र नुसतं खोडून चालणार नाही, कारण त्यामागे खरी गरज आहे. ती लिहा: 'रुग्णास स्ट्रेचरवरून खाटेवर घेणे, ऑक्सिजनचे सिलिंडर ट्रॉलीवरून हलवणे.' वाचणारी बाई किंवा बाप्या आपला आपण ठरवेल.

शेवटची कसोटी सोपी. 'उमेदवार'च्या जागी आधी सुनीता घालून वाचा, मग सुनील. एकही अक्षर न बदलता दोन्ही वाक्यं उभी राहिली तर झालं. 'सुनील निवडला जाईल, सुनीता निवडली जाईल' इथे अडलं, म्हणून 'निवड मुलाखतीतून होईल'.

म्युनिकमधल्या एका मित्राने वेगळाच प्रश्न काढला: असं सगळं सरसकट केलं तर महिलांच्या ३० टक्के आरक्षणाचं काय? ते सरकारी भरतीतलं समांतर आरक्षण, जागांच्या तक्त्यात आकड्याने दाखवतात. 'असावी' लिहून ते मिळत नाही आणि पुसून जात नाही. खासगी रुग्णालयाला तर ते लागूच नाही.

हाच मसुदा नाशिककडच्या एका ब्रदरनेही वाचला. तो आता स्टुटगार्टजवळ नोकरी करतो. (२०२४ मध्ये महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळासाठी स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला.) वाक्यांत त्याला रस नव्हता. गावाकडे प्रसूतीच्या वॉर्डात त्याला कुणी घेत नसे, आणि जाहिरातीत मात्र 'नर्स' एवढंच असायचं. मुलाखतीला गेल्यावर कळायचं. त्याची तक्रार रास्त आहे. कामाच्या स्वरूपामुळे स्त्रीच हवी असेल तर जर्मन कायदाही तशी मुभा देतो, पण ती गरज अटळ असावी लागते. महिला रुग्णांना अंघोळ घालायला बाई हवी, हे पटतं. तेवढ्यावरून सगळ्या प्रसूती वॉर्डात पुरुष नर्स नको म्हणावं का, यावर ताई आणि तो ब्रदर यांचं एकमत झालं नाही. माझंही अजून ठरत नाही. काहीही ठरवलंत तरी ते जाहिरातीत कारणासह छापा.

राहिले वॉर्डबॉय आणि आया. वाक्यांपेक्षा खरी अडचण इथे आहे. तुमच्याकडे वॉर्डात त्यांना मामा आणि मावशी म्हणत असतील, ते तसंच राहो. पण जाहिरातीत दोघांच्या कामांची यादी शेजारी शेजारी लिहून काढा. लादी पुसणे, चादरी बदलणे, बेडपॅन देणे, रुग्णाला एक्स-रेला नेणे. बहुतेक ओळी सारख्या निघाल्या तर पद एकच: 'वॉर्ड मदतनीस – ५ जागा, त्यांपैकी २ महिला वॉर्डासाठी स्त्री उमेदवार.' मदतनीस हा शब्द अंगणवाडीमुळे गावोगाव माहीत आहे, आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागतो.

मग पगाराचा रकाना येईल. सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना वेगळा पगार देऊ नये आणि भरतीतही भेद करू नये, हे आपल्याकडे १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे, २०१९ च्या वेतन संहितेतही आलंय. तुमच्या मसुद्यात वॉर्डबॉयपुढे आणि आयापुढे पगाराचा आकडा नव्हता. आजवर ते दोन वेगळे आकडे असतील, तर जाहिरात छापखान्यात जाण्याआधी विश्वस्तांसमोर ठेवा. एका पदापुढे एकच आकडा मावतो.