सरप्राइज फुटतं ते फोनवर

बडोद्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर १२ वर्षं काम करतेय. लग्नाच्या वाढदिवसाच्या सरप्राइज जेवणाचे ईमेल महिन्यातून दोन-तीन तरी येतात. बहुतेकांत शेवटी एकच ओळ असते, 'प्लीज, त्यांना कळू देऊ नका.' माझं स्पष्ट मत आहे की या ओळीने काहीही गुप्त राहत नाही. कोणाला कळू द्यायचं नाही, कोणत्या नंबरवर फोन करायचा नाही आणि किती वाजेपर्यंत, हे तिच्यात नसतं.

मागच्या वर्षीची गोष्ट अजून मनातून जात नाही. एका ताईंनी फार प्रेमाने लिहिलं होतं. लग्नाला २५ वर्षं, गुलाबाची फुलं, अर्धा किलोचा केक, रात्री साडेआठला जेवण. पण खोली मिस्टरांनी स्वतःच्या मोबाइलवरून बुक केली होती, त्यामुळे आमच्याकडे नंबर त्यांचाच. आदल्या संध्याकाळी किचनने विचारलं, केक एगलेस ना? आमच्याकडे हा प्रश्न प्रत्येक केकला पडतो. ड्युटीवरच्या मुलाने बुकिंगवरचा नंबर लावला आणि म्हणाला, 'सर, उद्याचा अ‍ॅनिव्हर्सरी केक एगलेस ठेवू का?' झालं. ताई आल्या तेव्हा मिस्टर हसत होते, त्या मात्र काउंटरपाशी गप्प उभ्या होत्या. चूक आमचीच होती, मी माफी मागितली. पण केक एगलेस हवा आणि फोन माझ्याच नंबरवर करा, या दोन गोष्टी ईमेलमध्ये असत्या तर त्या मुलाने तो नंबर लावलाच नसता.

ईमेल ज्याने वाचला तोच माणूस तुम्ही याल तेव्हा काउंटरवर असेल असं नाही. सकाळचा माणूस दुपारी तीनला निघतो, त्याच्या जागी दुसरा येतो. म्हणून तुमची सूचना सिस्टीममध्ये त्या बुकिंगवर अलर्ट म्हणून चढली पाहिजे, म्हणजे चेक-इन करताना ती स्क्रीनवर दिसते. 'माझ्या बुकिंगवर अलर्ट टाका' असं सरळ लिहा. ते वाचून कोणालाही राग येत नाही, उलट काम सोपं होतं.

बुकिंग साइटवर 'विशेष विनंती' असा रकाना असतो. तिथे सरप्राइजचं लिहू नका! तो मजकूर बऱ्याचदा बुकिंगच्या कन्फर्मेशनमध्ये छापून येतो, आणि ते कन्फर्मेशन ज्याच्यापासून लपवायचंय त्याच्याच इनबॉक्समध्ये पडतं. घरात एकच ईमेल दोघं वापरत असाल तर तिथूनही लिहू नका, आमचं उत्तर त्याच खात्यावर येणार.

आणि एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. खोली दुसऱ्याच्या नावावर असेल तर अनोळखी पत्त्यावरून आलेल्या ईमेलला आम्ही 'हो, ते शनिवारी येतायत' असं उत्तर देऊ शकत नाही. कोण कुठे उतरलंय हे कोणालाही सांगायचं नसतं. म्हणून बुकिंग नंबर, चेक-इनची तारीख आणि त्या बुकिंगवर तुमचंही नाव आहे हे लिहा, म्हणजे आम्हाला पडताळता येतं.

या फेब्रुवारीत पुण्याहून एक ईमेल आला, तो मी आमच्या काउंटरवरच्या मुलांना मुद्दाम वाचून दाखवला. विषयाच्या ओळीतच बुकिंग नंबर, तारीख आणि 'फक्त माझ्या नंबरवर बोला'. आत लिहिलं होतं:

'बुकिंग बायकोच्या नावावर आहे, तिच्या मोबाइलवर फोन किंवा मेसेज नको. काउंटरवर शुभेच्छा देऊ नका. आम्ही साडेसातला खोलीतून खाली येऊ. केक एगलेस, अर्धा किलो, त्यावर फक्त दोघांची नावं. केक जेवणानंतर आणा. निशिगंध नको, तिला त्या वासाने डोकं दुखतं. फुलांचे आणि केकचे पैसे मी आधी लिंकवरून भरतो, ते खोलीच्या बिलात लावू नका.'

बिलाचं त्यांनी आधीच सांगितलं हे फार बरं केलं. बिल खोलीवर गेलं की रकमेचा मेसेज बुकिंगवरच्या मोबाइलला जातो, म्हणजे जेवायला बसण्याआधीच केकचा आकडा बायकोच्या हातात.

त्यांनी वाईनचंही विचारलं होतं. इथे दारूबंदी आहे, टेबलावर वाईन येणार नाही हे मी त्याच दिवशी कळवलं. उशिरा कळलं असतं तर त्यांचा हिरमोड झाला असता.

त्या दिवशी सकाळी खंडेराव मार्केटमधून गुलाब आणले, पाकळ्या उमलू नयेत म्हणून देठ पाण्यात घालून थंड जागी ठेवले. साडेसातला दोघं खाली आले. वहिनी खुर्चीत बसल्या, फुलांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, 'सगळ्या टेबलांवर ठेवलीत का हो?' मी काहीच बोलले नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी केक आला, तेव्हा त्यांनी नवऱ्याचा हात धरला.