दोन साहेब दिसले, पण तत्त्व वेगळं होतं

“तुम्ही लिहिता, व्यवस्थापनाच्या पेपरात जुनी सोडवलेली केस डोळ्यांसमोर ठेवून नवी सोडवा. माझ्या बारावीतल्या मुलीने तुमच्या बेकरीच्या केसवरूनच उत्तर लिहिलं आणि तीनपैकी एक गुण मिळाला. ही पोपटपंचीच झाली ना?”

ताई, यात निम्मी चूक माझी आहे. मी एकच केस दिली, तिच्या शेजारी तिच्यासारखी दिसणारी दुसरी ठेवायला हवी होती. तुम्ही खाली उतरवून पाठवलेला प्रश्न वाचला आणि घोळ लगेच लक्षात आला.

माझ्या केसमध्ये भट्टीवरच्या एकाच कारागिराला उत्पादनाचे साहेब सांगत होते आधी पाव, विक्रीचे साहेब सांगत होते आधी खारी. माणूस एक, हुकूम देणारे दोन. म्हणून व्यवस्थापनतज्ज्ञ फेयॉलचं आदेशातील एकवाक्यतेचं तत्त्व मोडलं. मुलीच्या प्रश्नातही दोन व्यवस्थापक आहेत. एकाने दिवाळी फराळावर सवलत जाहीर केली, दुसऱ्याने त्याच फराळाची वेगळी योजना आखली, गिऱ्हाइकांचा गोंधळ उडाला. पण मधलं वाक्य बघा: ‘कर्मचारी आपापल्या व्यवस्थापकाच्या सूचना पाळत होते.’ म्हणजे प्रत्येकाला साहेब एकच होता. आदेशातील एकवाक्यता शाबूत आहे. बिनसलं ते उद्दिष्ट एक असताना योजना दोन झाल्याने. हे दिशेतील एकवाक्यतेचं तत्त्व: एका उद्दिष्टाच्या कामांना एक प्रमुख, एक योजना. ही दोन तत्त्वं फेयॉलने १९१६ मध्ये मांडलेल्या चौदांत लागोपाठ येतात, नावंही जुळी, म्हणून मुलं हमखास फसतात.

तेव्हा जुनी केस आठवली की ‘इथेही दोन साहेब आहेत’ एवढ्यावर थांबू नये. तिथे तत्त्व कशामुळे मोडलं ते आठवायचं आणि तीच गोष्ट नव्या केसमध्ये आहे का ते शोधायचं. इथे ती नव्हती.

दुसरं म्हणजे मांडणी. मुलीने तत्त्वाची व्याख्या छान चार ओळींत लिहिली, पण त्यात फराळ कुठेच नाही. मी असं लिहिलं असतं: ‘फराळाची विक्री वाढवणं हे दोन्ही व्यवस्थापकांचं उद्दिष्ट एकच होतं, तरी त्यांनी स्वतंत्र योजना राबवल्या. एका उद्दिष्टासाठी एक योजना असावी हे तत्त्व मोडल्यामुळे गिऱ्हाइकांचा गोंधळ झाला.’ यात केसमधली घटना, तत्त्व आणि परिणाम एकमेकांना बांधलेले आहेत. ताडून बघायची माझी युक्ती साधी आहे: प्रश्न झाकून नुसतं उत्तर मैत्रिणीला वाचायला द्यायचं. केसमध्ये काय घडलं हे तिला सांगता आलं नाही, तर उत्तर नुसत्या व्याख्येचं आहे.

कधी केस खरोखरच दोन तत्त्वांकडे झुकते. तेव्हा जे तत्त्व केसमधल्या जास्त वाक्यांचा उलगडा करतं ते घ्यावं आणि कारण लिहावं. तुमच्या प्रश्नात ती अडचण नाही. ‘आपापल्या’ या एका शब्दाने निकाल लागतो, आणि मुलीच्या उत्तरात नेमका तोच शब्द आलेला नाही.