गांडूळ खत: टनभर माल आणि 20 हजारांचा हिशोब तपासून बघू

"ओला कचरा आणि शेतातला पाला बेडमध्ये टाका, गांडुळं सोडा, 45 दिवसांत टनभर खत तयार! किलोला 20 रुपये, म्हणजे एका बेडमागे 20 हजार. शिवाय हे खत टाकलं की शेतकऱ्याला युरिया घ्यायची गरजच नाही."

हा मेसेज मला या आठवड्यात चार ग्रुपवर आला आणि आमच्या वस्तीवरच्या एका पोरानं तो वाचून तीन बेड मागवले पण, म्हणून लिहितोय. मी फलटणकडं सहा वर्षं गांडूळ खत करतो आणि विकतो. काम चांगलंय, पण या हिशोबानं उतरलात तर पहिल्याच बेडला पैसे अडकतील.

आधी कचऱ्याचं बोलू. भाजीची देठं, साली, कलिंगडाच्या फोडी यात 85-90 टक्के निव्वळ पाणी असतं, म्हणजे शंभर किलो कचरा गोळा केलात तरी कोरडा माल 10-15 किलोच, आणि त्यातलाही बराच कुजताना हवेत जातो. त्यामुळे बेडचं मुख्य खाणं शेण, पाचट आणि पालापाचोळा, घरातला कचरा तोंडी लावण्यापुरता. तेलकट, खारट, लोणचं, मटण असलं काही टाकायचं नाही.

आता वजन. 12 बाय 4 बाय 2 फुटाच्या बेडमध्ये मी साधारण 1200 किलो अर्धवट कुजलेला ओला माल भरतो. खत झाल्यावर बेडमधून काढून लगेच तोललं तर साडेसातशे किलोच्या आसपास भरतं, पण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. खत नियंत्रण आदेशात गांडूळ खताचा ओलावा 15 ते 25 टक्के सांगितलाय, म्हणून सावलीत पसरून वाळवलं आणि चाळलं की हातात उरतात चारशे. भरायला घेतलेला मालच 1200 किलो, त्यातून टन कुठून येणार? ओलं खत तसंच पिशवीत बांधून विकणारे आहेत, पण तिथं गिऱ्हाईक खताच्या भावानं पाणी विकत घेतं, आणि बंद पिशवीत आठ-दहा दिवसांत कुबट वास सुटतो, मग ते परत येत नाही.

दिवसांचं म्हणाल तर गांडुळं सोडल्यापासूनच मोजायला लागतात लोक. ताजं शेण आधी 15-20 दिवस पाणी मारत, वरखाली करत थंड करावं लागतं. मी पहिल्या वर्षी घाई केली, ताज्या शेणावर तीन किलो गांडुळं सोडली, सकाळी बघतो तर निम्मी बेडच्या काठावर चढून बाहेर पडलेली आणि खाली कडेला मुंग्या लागलेल्या. आत हात घातला तर मनगटापर्यंत चटका बसला. तेव्हापासून साधी खूण धरलीय, ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि मिनिटभर आरामात ठेवता आला तरच गांडुळं सोडायची. ओलावा बघायला मूठभर माल दाबायचा, लाडू वळला पाहिजे आणि फार तर एक-दोन थेंब गळले पाहिजेत, धार लागली तर पाणी जास्त. सगळं धरून माझा पहिला बेड अडीच महिन्यांनी निघाला. उन्हाळ्यात वर सावली आणि ओली पोती नसतील तर गांडुळं मरतातच.

विक्रीचा भाव सगळ्यांना एकच नसतो. कुंडीवाले, गच्चीवर बाग करणारे 5 किलोची पिशवी किलोला 20 नं घेतात, शेतकरी पोत्यानं 8 च्या वर जात नाही. माझ्या एका बेडचे 150 किलो बागवाल्यांना गेले, 3000 आले, 250 किलो शेतकऱ्यांना, त्याचे 2000. त्यातून शेण 1800, चाळायची मजुरी 800, पिशव्या आणि भाडं 600. उरले 1800, आणि रोजचं पाणी मारायची माझी मेहनत यात धरलेलीच नाही.

युरियाचं तर सांगूच नका शेतकऱ्याला. युरियात 46 टक्के नत्र, गांडूळ खतात साधारण एक टक्का. 45 किलोच्या एका गोणीत जवळजवळ 21 किलो नत्र येतं, तेवढं गांडूळ खतातून द्यायचं तर दोन टन लागेल, म्हणजे माझे पाच बेड आणि शेतकऱ्याचे 16 हजार रुपये, तेही पिकाला हळूहळू मिळणार. मी माझ्या गिऱ्हाइकाला सांगतो की रोपवाटिकेत, भाजीच्या सरीत, फळझाडाच्या आळ्यात वापरा, जमीन भुसभुशीत होते, पाणी धरते, पण युरिया एकदम बंद करू नका. एकदा कुणी या भरवशावर ऊस पिवळा पाडला की तो माणूसही जातो आणि त्याच्या भावकीतली दहा घरंही.

त्या पोराला मी म्हटलंय, तीनातला एकच बेड आत्ता भर, शेण माझ्याकडं आणून थंड करू, आणि पहिला माल निघायच्या आधी फलटणमधल्या नर्सरीवाल्यांकडं पाच-पाच किलोचे नमुने देऊन ये, ते किती घेतात बघून मग उरलेले दोन बेड उघड.