गालाचा फोटो आणि गाल

रात्री साडेदहाला खानापूर तालुक्यातल्या एका गावातून व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली मजकूर, "डॉक्टर, हिच्या तोंडावर काय उठालंय बघा की. एखादं मलम सांगा, महिन्यावर लग्न आलंय घरात." पाठवणारी माझ्या एका जुन्या पेशंटची जाऊ, फोटो तिच्या 19 वर्षांच्या लेकीचा. (दोघींना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.)

असे फोटो मला रोज येतात. बेळगावात कुणी मुरुम म्हणतं, कुणी पिंपल, कानडी घरातली पेशंट मोडवी म्हणते, पण फोटो सगळ्यांचे सारखेच: ट्यूबलाइटखाली, पुढच्या कॅमेऱ्यानं, मान थोडी तिरकी. आणि "नुसतं बघून सांगा, यायला जमत नाही" हे ठरलेलं वाक्य. आज या एकाच फोटोबद्दल सांगते, म्हणजे मी नुसतं बघून का सांगत नाही ते कळेल.

फोटोत दिसत होतं ते असं. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर पंचवीस-तीस उंचवटे, लालसर तपकिरी, मोहरीएवढे. याला आम्ही पॅप्यूल म्हणतो. त्यातल्या सात-आठांच्या टोकाला पिवळट पू, ते पस्ट्यूल. कपाळ आणि नाक स्वच्छ. आता कुणीही म्हणेल, वयात आलेल्या पोरीचे साधे मुरुम, मध्यम प्रकारचे.

मला खटकलं ते वेगळंच. सगळे उंचवटे एकाच मापाचे होते, एकाच दिवशी उठल्यासारखे. साध्या मुरुमांच्या चेहऱ्यावर मिसळ असते. प्रत्येक रंध्र आपापल्या वेळेला तुंबतं, त्यामुळे एकाच गालावर नवं-जुनं सगळं सापडतं: तोंड उघडं असलेली काळी टोकं, तोंड बंद असलेले कातडीच्याच रंगाचे बारीक दाणे, लाल पुळी, पुवाची पुळी, गेलेल्या पुळीचा डाग. त्यातली काळी टोकं आणि बंद दाणे, म्हणजे कॉमेडोन, ही मुरुमांची खरी खूण. (काळं टोक म्हणजे मळ नव्हे हो. त्वचेचं रंगद्रव्य आणि हवा लागून काळवंडलेलं तेल असतं ते. कितीही घासलं तरी जात नाही, उलट गाल सोलतो.) कॉमेडोन अजिबातच नसतील तर हे मुरुम आहेत की मुरुमांसारखं दिसणारं दुसरंच काही, असा प्रश्न पडायलाच हवा.

या फोटोत एकही कॉमेडोन नव्हता. पण तो गालावर नव्हता, की फोनने पुसून टाकला होता? पुढच्या कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड बहुतेकांच्या नकळत चालू असतो आणि तो आधी असले बारीक दाणेच गुळगुळीत करतो. समोरून पडलेल्या उजेडात बंद दाण्याची सावलीही पडत नाही, त्यामुळे चांगल्या कॅमेऱ्यातही तो हरवतो. दोन शक्यता, दोघींचे उपचार एकमेकांच्या उलट, आणि फोटो दोन्हीकडे मान डोलावतो. मी लिहिलं, "घेऊन या. आणि सध्या तोंडाला जे जे लावते ते सगळं पिशवीत घालून आणा."

आईला राग आला असणार. खरंय, एका बाजूनं सव्वा-दीड तासाची एसटी, पोरीचं कॉलेज बुडणार, आईची दिवसाची मजुरी जाणार. "एवढ्याशा पुळ्यांसाठी?" हे मला ऐकवलंही. तरी दोघी आल्या.

खिडकीशी बसवून बाजूनं उजेड पाडला, दोन बोटांनी गालाची कातडी ताणली. असे बंद दाणे तांदळाच्या कणीसारखे वर येतात. आले नाहीत. खरोखरच नव्हते. मग डोळे मिटून बोट फिरवलं. फोटोत उंचवटे वाटलेल्यांपैकी निम्मे बोटाला लागलेच नाहीत, ते नुसते सपाट डाग होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ही गफलत हमखास होते, कारण सूज गोऱ्या कातडीसारखी लालभडक न दिसता तपकिरी, जांभळट दिसते, आणि बऱ्या झालेल्या पुळीचा डागही तसाच. स्क्रीनवर दोन्ही एकच. उलटंही होतं. एका मुलाच्या फोटोत जबड्याखाली नुसती सावली दिसत होती, बोटाला मात्र हरभऱ्याएवढ्या दोन दुखऱ्या गाठी लागल्या. असल्या खोल गाठी, नोड्यूल, कायमचे खड्डे पाडून जातात, त्यांना मलम पुरत नाही.

पोरीकडे परत येते. जवळून आणखी दोन गोष्टी दिसल्या. गालावर धाग्यासारख्या बारीक लाल शिरा, आणि कातडी पातळ, चकचकीत. मी पिशवी मागितली. फेसवॉश निघाला, पावडर निघाली. "आणखी?" पोर आईकडे बघायला लागली. शेवटी तिच्याच पर्समधून पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब बाहेर आली. गोरं होण्यासाठी मैत्रिणीनं सांगितलेली, पाच महिने रोज रात्री लावत होती. घटक वाचले: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नाही. 2018 मध्ये सरकारनं असल्या स्टेरॉइड मलमांवरचे नियम आणखी कडक केले, तरी दुकानात मागितलं की मिळतं.

हे मलम पहिल्या आठवड्यांत गाल उजळ, गुळगुळीत करतं. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात आणि अशा एकसारख्या पुळ्या उठतात. बंद केलं की भडका उडतो, लावलं की शमतो, म्हणून माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे जातं. त्या रात्री मी फोटोवरून मुरुमांचं नेहमीचं मलम, ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड, लिहून दिलं असतं, तर त्या पातळ कातडीवर नुसती आग झाली असती. आग शमवायला पोरीनं काय लावलं असतं, ते सांगायला नको.

मग आईला बाहेर बसवून पाळी, औषधांची ॲलर्जी, दिवस राहण्याची शक्यता, सगळं विचारलं. पोटात घ्यायच्या काही औषधांनी गर्भाला धोका असतो आणि हे प्रश्न व्हॉट्सॲपवर, तेही आईच्या फोनवर, विचारायचे नसतात. पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असते तर तपासण्याही वेगळ्या लागल्या असत्या. तसं काही नव्हतं. ट्यूब बंद, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि काही आठवड्यांच्या गोळ्या. स्पष्ट सांगितलं की आधी दोन-तीन आठवडे वाढेल, चेहरा जळजळेल, घाबरून परत लावायचं नाही. कातडी सावरायला महिने लागतील. आई म्हणाली, "म्हणजे लग्नात असंच तोंड घेऊन फिरायचं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

फोटोला माझा विरोध नाही. एकदा हात लावून तपासलं की पुढची प्रगती बघायला तो उत्तम, फेऱ्याही वाचतात. मी तिला पद्धत सांगून ठेवली: सकाळी खिडकीशेजारी, मागच्या कॅमेऱ्यानं, फ्लॅश आणि ब्यूटी मोड बंद, एक समोरून आणि दोन बाजूंनी, दर वेळी तीच जागा, तेवढंच अंतर. दुसऱ्या आठवड्याचा फोटो भयानक होता. पाचव्या आठवड्यात पू गेलेला, शिरा अजून तशाच.

मध्ये लग्न होऊन गेलं. आईला विचारलं, कशी दिसली पोर? म्हणाली, "लग्नातले फोटो तुम्हाला पाठवू नको म्हणालीय ती. सगळे ब्यूटी मोडवर हाईत."