‘गाडी वेळेला आहे’: आमच्या पेजवरच्या एक-स्टार रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

★☆☆☆☆
“रात्री 1:40 ला मेसेज आला, ‘गाडी वेळेवर आहे’. 2:50 ला मेसेज, उशीर होणार. सकाळी ड्रायव्हरचा फोन बघितला तर त्याने 2:10 लाच ‘खंबाटकी जाम 2 तास’ असं पाठवलेलं. म्हणजे चाळीस मिनिटं दाबून ठेवलं, आणि ‘2 तास’ खोडून मनाचंच काहीतरी लिहिलं. सरळ खोटं बोलतात. सहाची गाडी नऊला डॉकला लागली. यांना माल देताना विचार करा.”

मालकाचं उत्तर:

नमस्कार सर. आधी माफी मागतो. 1:40 चा मेसेज चुकीचा होता, आणि तो आमच्याच ऑफिसमधून गेला. त्याच्या भरवशावर तुम्ही अनलोडिंगची माणसं सहाला बोलावलीत आणि ती बसून राहिली. ते आम्हाला मान्य आहे. बिलातून तुम्ही जे कापलंत त्यावर मी एक शब्द बोललेलो नाही.

पण ‘खोटं’ हा शब्द लागला, सर. एकोणीस वर्षं मी स्वतः स्टेअरिंगवर होतो, आता अकरा गाड्या आहेत, आणि त्यातल्या चार तुमच्यासारख्या चाकणच्या कंपन्यांवरच चालतात. तो शब्द तुमच्यासोबत आणखी चार कोऑर्डिनेटर वाचणार. म्हणून त्या रात्री नक्की काय झालं ते लिहितो. लांबेल, पण वाचा.

1:36 ला ड्रायव्हरचा मेसेज होता: “वेळेला आहे थोडी लाइन”. आमचे ड्रायव्हर टाइप करत नाहीत, गाडी उभी असेल तेव्हा फोनवर बोलून मेसेज टाकतात. त्यात स्वल्पविराम नसतो, काही नसतं. रात्रीच्या टेबलावर नवीन मुलगा, नांदेडकडचा, कामावर येऊन बारा दिवस झालेले. त्याने वाचलं, गाडी वेळेला आहे, थोडी लाइन आहे. आणि तुम्हाला स्वच्छ मराठीत कळवलं, ‘गाडी वेळेवर आहे’. आता कोल्हापूर-पुणे लाइनवरच्या कुणालाही विचारा. सुरूर सोडलं की खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे हायवेवर वेळे नावाचं गाव आहे. ड्रायव्हर वेळे गावात लाइनीत उभा होता. तो उशीर सांगत होता, आणि आम्ही तुम्हाला टाइमात असल्याचं सांगितलं. पोराची चूक आहे, पण त्यात खोटेपणा नव्हता. त्याला ते गावच माहीत नव्हतं. माझी चूक एवढी की रूटवरची गावं पाठ नसलेल्या माणसाला मी रात्री एकटा बसवला.

आता 2:10 चं, ज्यावरून तुमचा सगळा राग आहे.

“खंबाटकी जाम 2 तास.” तुम्ही सकाळी वाचलंत तेव्हा तुम्हाला त्याचा एकच अर्थ दिसला. मला रात्री तीन दिसत होते. आपली गाडी दोन तास उभी आहे, हा एक. अजून दोन तास लागतील, हा दुसरा. आणि जाम होऊन दोन तास झाले, आपण मागाहून येऊन लागलोय, हा तिसरा. या तिन्हींनी तुमच्या गेटवरची वेळ वेगवेगळी निघते. पहिला अर्थ मी पाच मिनिटांत बाद केला. आनेवाडी टोलचा फास्टॅगचा एसएमएस माझ्या मोबाइलवर 12:52 चा आहे. तिथून भरलेली गाडी वेळेपर्यंत यायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे 1:20 च्या आधी ती तिथे पोचूच शकत नाही, आणि 2:10 ला तिला उभं राहून फार तर पन्नास मिनिटं झालेली. दोन तास गाडी उभी असणं शक्यच नव्हतं.

राहिले दोन. ते घरी बसून सुटत नाहीत, ड्रायव्हरलाच विचारावं लागतं. मी 2:16 ला, 2:24 ला आणि 2:35 ला फोन केला. उचलला नाही, कारण लाइन इंच-इंच सरकत होती आणि चाक फिरत असताना फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम आहे. त्यासाठी मी एकाला कामावरून काढलेलं आहे. 2:47 ला त्याने स्वतः फोन केला. तेव्हा कळलं की ‘2 तास’ हे त्याचे नव्हतेच. पुढच्या टँकरवाल्याने त्याला सांगितलेलं, ‘दोन तास झाले, बोगद्याच्या पलीकडे वळणावर ट्रेलर आडवा झालाय’. क्रेन आलेली, एक लेन सोडायला सुरुवात झालेली.

तीन मिनिटांत तुम्हाला हे गेलं. तुमच्या फोनवरही असेलच:

“2:50. गाडी वेळे गावाजवळ, खंबाटकी बोगद्याच्या अलीकडे, पुण्याकडे जाणारी बाजू. अंदाजे 1:30 पासून लाइनीत. ड्रायव्हरच्या सांगण्यानुसार बोगद्यापुढे दुसऱ्याचा ट्रेलर आडवा, एक लेन सुरू. आपली गाडी आणि माल ठीक. चाकण अजून सुमारे 110 किमी. 3:30 पर्यंत सुटली तर गेटवर 6:15 ते 7:15. पुढचं अपडेट 3:30 ला, सुटली नाही तरी.”

यात ‘2 तास’ नाही, बरोबर आहे. मी तो काढला, कारण तो आकडा तुमच्या काहीच कामाचा नव्हता. तो तसाच पाठवला असता तर तुम्ही सहात दोन मिळवून आठ धरले असते आणि माणसं आठला बोलावली असती. गाडी तर 7:05 ला तुमच्या गेटवर होती. सिक्युरिटीच्या रजिस्टरला एन्ट्री आहे, बघा. स्लॉट गेल्यामुळे पुढे डॉक मिळायला नऊ वाजले, ते तुमच्या आवारातलं आहे. मी त्यावर वाद घालत नाही, पण तुमचं वाक्य वाचून गाडीच नऊला आली असं वाटतं.

‘दुसऱ्याचा ट्रेलर’ आणि ‘आपली गाडी ठीक’ हे शब्द मी मुद्दाम टाकतो. ड्रायव्हर लोक ‘गाडी बंद पडली’, ‘गाडी आडवी’ असं लिहितात तेव्हा कुणाची गाडी ते लिहीत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कराडजवळून ‘गाडी बंद, क्रेन येतेय’ असा मेसेज आलेला. तो तसाच पुढे ढकलला आणि तिकडून पार्टीने दुसरी गाडी लावायची तयारी केली. बंद पडलेली होती पुढची बस. तेव्हापासून ‘कुणाची’ हे विचारल्याशिवाय आमच्याकडून मेसेज जात नाही. ‘ड्रायव्हरच्या सांगण्यानुसार’ हेही तसंच. ट्रेलर मी पाहिलेला नाही, ड्रायव्हरनेही पाहिलेला नव्हता. ऐकीव गोष्ट मी माझ्या नावावर का खपवू?

‘पुण्याकडे जाणारी बाजू’ का लिहिलं तेही सांगतो, कारण तीन वाजता तुम्हीच फोनवर मला म्हणालात, “दुसऱ्या ट्रान्सपोर्टची गाडी आत्ताच खंबाटकी पार झाली, तुमचीच बरी अडकते.” सर, ती गाडी पुण्याहून साताऱ्याला चाललेली. ती घाट चढून जाते, आमची बोगद्यातून येते. नाव एकच, खंबाटकी, पण रस्ते दोन. एक बाजू ठप्प असताना दुसरी मोकळी असू शकते. तेव्हा तुम्ही ऐकून न घेता फोन ठेवलात, म्हणून इथे लिहावं लागतंय. जीपीएसचं म्हणाल तर त्यावर गाडी उभी आहे एवढंच दिसतं. जेवायला उभी की जाममध्ये, हे तो ठिपका सांगत नाही.

गेटची वेळ मी कशी काढतो तेही लपवण्यासारखं नाही. सुटायची वेळ धरतो, त्यात उरलेल्या अंतराचे तास मिळवतो, भरलेल्या दहाचाकीला ताशी चाळीसच्या हिशेबाने. 110 ला पावणेतीन तास झाले. त्यावर एक तास मोकळा ठेवतो, कारण नवले पुलाशी पहाटे काय असेल आणि मोशीच्या पुढे लाइन किती असेल हे मला वेळेत बसून सांगता येत नाही. (गावात म्हणतोय.) म्हणून एक वेळ न देता दोन वेळा देतो. गाडी 3:25 ला सुटली, 3:30 ला तुम्हाला तसं कळवलं, आणि दिलेल्या दोन वेळांच्या आतच ती पोचली. त्या अपडेटचा रिव्ह्यूत उल्लेख नाही.

आता जिथे मी खरंच कमी पडलो ते. 2:10 ते 2:50 मी शोध घेत बसलो आणि तुम्हाला एक अक्षर कळवलं नाही. 2:16 लाच एवढं लिहायला हवं होतं: ‘खंबाटकीजवळ जाम असल्याचा मेसेज आहे, किती ते ड्रायव्हरशी बोलून कळवतो, 1:40 चं अपडेट धरू नका’. शेवटचे चार शब्द सगळ्यात महत्त्वाचे होते. अर्धवट बातमी द्यायला मला लाज वाटते, ही जुनी खोड आहे. ती चाळीस मिनिटं तुमच्यासाठी कोरी गेली. दाबून ठेवलं म्हणालात ते मात्र पटत नाही. चारही फोनच्या वेळा माझ्या मोबाइलवर आहेत, स्क्रीनशॉट पाठवतो.

पुढे काय, तर रात्रीच्या टेबलाचं बघतोय, काहीतरी व्यवस्था होईल. जामचा मेसेज आला की दहा मिनिटांत तुम्हाला पहिली खबर जाईल, कच्ची का असेना. आणि ड्रायव्हरचे मूळ शब्द आमच्या मेसेजखाली जसेच्या तसे जोडायचा विचार आहे, म्हणजे खोडाखोडीचा संशय नको. त्यात एकच अडचण आहे. त्या रात्री 3:05 ला त्याने जे पाठवलं ते तुमच्या ग्रुपवर टाकण्यासारखं नव्हतं.

नांदेडच्या पोराला या रविवारी माझ्याबरोबर गाडीत घेऊन शिरोली ते चाकण फिरवून आणतोय. प्रत्येक फाट्याचं, टोलचं आणि धाब्याचं नाव वहीत लिहून घ्यायला सांगितलंय. वेळे पहिल्या पानावर.

रेटिंग बदला असं म्हणणार नाही, ते तुमच्याकडे. पण ‘खोटं बोलतात’ तेवढं काढता आलं तर बघा. गुरुवारी तुमची पुढची गाडी शिरोलीत लोड होतेय. रात्रीची अपडेट तुमच्या नंबरवर टाकायची की डॉकच्या ग्रुपवर, तेवढं उद्या दुपारपर्यंत कळवा.