खुलासा : गुलाबी बोंडअळी आणि ‘विषाची सवय’

“बीटी कापूस खाऊन खाऊन बोंडअळीला विषाची सवय झाली, हेच अनुकूलनाचे उदाहरण.”

असे खान्देशातल्या विद्यार्थ्यांनी निबंधात लिहिले. त्यांनी कापसाचे उदाहरण घ्यावे हे योग्यच. कारण मात्र चुकले आहे. बीटी कापसात तयार होणारे विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातील पेशींवरच्या ‘कॅडहेरिन’ नावाच्या ग्राहक-प्रथिनाला चिकटते, पेशींना छिद्रे पडतात आणि अळी मरते. मात्र काही मोजक्या अळ्यांत कॅडहेरिनचे जनुक योगायोगाने बदललेले असते, त्यामुळे विष नीट चिकटतच नाही. २००२ पासून बीटी कापूस सर्वत्र पसरला, बाकीच्या अळ्या मेल्या आणि वंश या मोजक्यांचा वाढला. बदलली ती पिढ्यांमधली जनुकांची वाटणी; एकाही अळीने काही ‘शिकून’ घेतले नाही. सवयच असती, तर बीटीरहित खाद्यावर वाढवलेली त्यांची पिल्ले पुन्हा विषाला बळी पडली असती. प्रत्यक्षात तीही तग धरतात.

हा गुण बहुधा अप्रभावी असतो, म्हणजे बदललेले जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच अळी वाचते. म्हणूनच शेताच्या कडेला बिगर-बीटी कापसाच्या ओळी, म्हणजे ‘आश्रय पीक’, लावायला सांगतात: तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर झाला, की त्यांची पिल्ले बीटी कापसावर मरतात. आपल्याकडे ते बियाणे बहुधा बांधावरही पोहोचले नाही, वर फरदडीमुळे, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात ठेवल्यामुळे, अळीला हंगामाबाहेरही अन्न मिळत राहिले.